पोट साफ होत नाही : कोणती तपासणी आधी, किती खर्च, काय कळते

दुर्बिणीने मोठे आतडे पाहून झाले, पोटाचा सीटी स्कॅन झाला, सोनोग्राफी दोनदा झाली. सगळ्या रिपोर्टांवर ‘नॉर्मल’ लिहून आले आणि तरीही रोज सकाळचा पाऊण तास संडासात कुंथण्यात जातो. जुनाट बद्धकोष्ठतेचे असे अनेक रुग्ण पंधरा-वीस हजार रुपये खर्चून त्याच जागी उभे असतात. त्यांचे रिपोर्ट चुकलेले नसतात. या तपासण्या आतड्याची रचना दाखवतात. गाठ आहे का, सूज आहे का, आतडे कुठे अरुंद झाले आहे का, हे त्यांत कळते. आतडे काम कसे करते ते त्यांत दिसत नाही, आणि हट्टी बद्धकोष्ठतेत बिघाड बहुतेक वेळा कामातच असतो.

हा बिघाड मुख्यतः दोन जागी होतो. एक, मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकण्याची गती मंद असते. दोन, मळ मलाशयापर्यंत वेळेवर येतो, पण जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायला हवेत ते पडत नाहीत. काही जणांत तर ते उलट आवळले जातात. रिपोर्टात यालाच ‘डिसिनर्जिया’ लिहितात. दोन्हींवरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. पहिल्याला औषध लागते, दुसऱ्याला स्नायूंना नवे वळण लावावे लागते. नुसत्या लक्षणांवरून मात्र दोन्ही खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. खूप वेळ कुंथावे लागणे, होऊनही अर्धवट वाटणे, कधी बोटाने मळ काढावा लागणे या तक्रारी दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतात, पण त्या पहिल्या प्रकारातही आढळतात. म्हणून तपासणी.

तपासणीआधी

या खास तपासण्या सगळ्यांसाठी नाहीत. इसबगोल किंवा आहारातला चोथा पुरेशा पाण्यासह काही आठवडे नियमित घेऊन, त्यानंतर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजसारखे औषध योग्य प्रमाणात घेऊनही फरक पडला नाही, तरच त्यांचा विचार करावा. त्याआधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल यांनी पोट बांधले जाते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि कॅल्शियम एवढ्या रक्ततपासण्या खासगी प्रयोगशाळेत साधारण हजार-दीड हजारात होतात आणि त्या करून घेणे रास्त आहे.

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्त कमी होणे, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काही असेल तर मात्र दुर्बिणीची तपासणीच आधी करायची. तिथे पुढे लिहिलेला क्रम लागू नाही.

मॅनोमेट्री : दाराची तपासणी

धोक्याची लक्षणे नसतील आणि औषधाने भागत नसेल, तर पहिला खर्च अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्रीवर करावा असे माझे स्पष्ट मत आहे. याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. दार अडले की मागचा रस्ताही तुंबतो. गुदद्वार नीट उघडत नसलेल्या कितीतरी रुग्णांत आतड्याची गतीही मंदावलेली आढळते आणि दाराचा दोष सुधारल्यावर ती अनेकांत आपोआप सुधारते. आधी गतीच तपासली तर ‘आतडे मंद’ असा शिक्का बसतो, वर्षानुवर्षे गोळ्या चालतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

तपासणी अशी होते. दोन तास आधी छोटा एनिमा घेऊन मलाशय रिकामे करतात. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. पेन्सिलहूनही बारीक, लवचिक नळी गुदद्वारातून काही सेंटीमीटर आत सरकवतात. नळीवर दाब मोजणारे सेन्सर असतात आणि टोकाला एक लहान फुगा. भूल देत नाहीत आणि देऊही नये, कारण या तपासणीत रुग्णाने सांगितल्याबरहुकूम आवळायचे, खोकायचे आणि जोर लावायचा असतो. दुखत नाही, संकोच मात्र वाटतो. महिला तंत्रज्ञ हवी असेल तर वेळ घेतानाच तसे सांगावे. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगावे, कारण फुगा बऱ्याचदा लॅटेक्सचा असतो. सगळे मिळून अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासात चार गोष्टी मोजतात. काही न करता गुदद्वाराचा दाब किती आहे. आवळल्यावर तो किती वाढतो. शौचाला बसल्यासारखा जोर लावल्यावर काय होते. आणि फुग्यात हळूहळू हवा भरत गेल्यावर रुग्णाला पहिली जाणीव कधी होते, घाई कधी होते, असह्य कधी होते. बद्धकोष्ठतेसाठी यांतली तिसरी मोजणी सर्वांत महत्त्वाची. निरोगी माणसाने जोर लावला की मलाशयातला दाब वाढतो आणि त्याच क्षणी गुदद्वारातला दाब उतरतो. दोषाचे चार प्रकार नोंदवले जातात. मलाशयातला जोर पुरेसा असूनही गुदद्वार आवळले जाते तो पहिला. जोरही कमी आणि वर आवळणे, तो दुसरा. जोर पुरेसा, पण गुदद्वार पुरेसे सैल पडत नाही तो तिसरा. आणि जोरही नाही, सैल पडणेही नाही, तो चौथा. रिपोर्टावर ‘टाइप १’ ते ‘टाइप ४’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ हा.

चौथ्या मोजणीकडे डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे शौचाची भावना दाबून ठेवणाऱ्यांच्या मलाशयाची जाणीव बोथट होते. त्यांच्या फुग्यात खूप जास्त हवा गेल्याशिवाय त्यांना घाई वाटतच नाही. शाळेत, एसटी डेपोत, बाजारपेठेत काम करणाऱ्या आणि दिवसभर स्वच्छ संडास न मिळणाऱ्या बायकांनी ही मोजणी झाली आहे ना, हे आवर्जून पाहावे. फुगा भरताना गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो की नाही, हेही याच वेळी दिसते. ही प्रतिक्रिया अजिबात नसेल तर जन्मजात असणाऱ्या हर्शस्प्रंग आजाराची शंका घ्यावी लागते. तो बहुधा लहानपणीच उघड होतो, क्वचित मोठेपणी सापडतो.

या तपासणीची मोठी मर्यादा ठाऊक असली पाहिजे. अनोळखी खोलीत, कुशीवर झोपून, नळी आत असताना शौचाचा जोर लावणे अनैसर्गिक आहे. अशा स्थितीत कसलीही तक्रार नसलेल्या कितीतरी माणसांचेही स्नायू सैल पडत नाहीत. त्यामुळे एकट्या मॅनोमेट्रीवरून निदान पक्के करू नये. तिच्या जोडीला दुसरी एक तपासणी जुळली पाहिजे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे.

पन्नास मिलीलीटरचा फुगा

मलाशयात मऊ फुगा ठेवून त्यात सुमारे ५० मिलीलीटर कोमट पाणी भरतात. मग रुग्णाला पडद्याआड कमोडवर बसवून फुगा बाहेर टाकायला सांगतात आणि घड्याळ लावतात. साधारण एका मिनिटात फुगा बाहेर यायला हवा. काही केंद्रे दोन मिनिटे देतात. आपल्याकडच्या काही केंद्रांत रुग्णाला कुशीवर ठेवून फुग्याला दोरीने वजन लावण्याची पद्धत आहे. २०० ग्रॅमपर्यंत वजन लावूनही फुगा निघाला नाही तर निकाल सदोष धरतात.

मॅनोमेट्रीत जोर लावताना आवळणे दिसले आणि फुगाही निघाला नाही, तर निदान भक्कम. मॅनोमेट्री सदोष पण फुगा अर्ध्या मिनिटात बाहेर, असे असेल तर घाईने शिक्का मारू नये. तिथे पुढे येणारी डेफिकोग्राफी उपयोगी पडते.

पुण्या-मुंबईतल्या खासगी केंद्रांत मॅनोमेट्रीला ढोबळमानाने ५,००० ते १२,००० रुपये पडतात. फरक मुख्यतः यंत्राचा आणि नळीचा असतो. दर विचारताना फुग्याची चाचणी त्यातच धरली आहे का, हे विचारा. काही ठिकाणी तिचे वेगळे हजार-पंधराशे लावतात आणि काही ठिकाणी ती करतच नाहीत. दुसरा प्रश्न असा की रिपोर्ट कोण वाचतो. केवळ ‘आरामातला दाब अमुक, आवळण्याचा दाब तमुक, नॉर्मल’ असा दोन ओळींचा रिपोर्ट बद्धकोष्ठतेसाठी निरुपयोगी आहे. त्यात जोर लावतानाचे आलेख, जाणिवेचे मिलीलीटरमधले आकडे आणि फुग्याचा वेळ नसेल तर तपासणी अपुरी झाली असे समजा. दोन केंद्रांतल्या दाबाच्या आकड्यांची थेट तुलनाही करू नका. यंत्रागणिक, वयागणिक आणि स्त्री-पुरुषांगणिक नॉर्मलच्या मर्यादा बदलतात, म्हणून त्या केंद्राच्या नॉर्मल मर्यादा रिपोर्टावर छापलेल्या असाव्यात.

ट्रान्झिट स्टडी : रस्त्याची गती

गती मोजण्याची पद्धत साधी आहे. एक्स-रेमध्ये दिसणारे प्लास्टिकचे बारीक तुकडे कॅप्सूलमध्ये भरून गिळायला देतात आणि ठरलेल्या वेळी पोटाचा एक्स-रे काढून आत किती उरले ते मोजतात. पाश्चात्त्य पद्धतीत २४ तुकड्यांची एक कॅप्सूल गिळून पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचाहून अधिक तुकडे उरले असतील तर गती मंद.

भारतीयांना ही पद्धत नीट लागू पडत नाही. आपल्या आहारात चोथा जास्त आणि आपल्याकडे सर्वसाधारण माणसाच्या आतड्याची गतीही जास्त. पाचव्या दिवसापर्यंत थांबले तर आपल्या मानाने मंद असलेले आतडेही रिकामे होऊन नॉर्मल ठरू शकते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी म्हणून वेगळे वेळापत्रक बसवले. शून्याव्या, बाराव्या आणि चोविसाव्या तासाला प्रत्येकी २० तुकडे गिळायचे आणि ३६ व्या व ६० व्या तासाला एक्स-रे काढायचा. ३६ तासांना साधारण ३० किंवा अधिक आणि ६० तासांना १४ किंवा अधिक तुकडे उरले असतील तर गती मंद धरतात. तुमच्या केंद्रात कोणती पद्धत वापरतात हे विचारायला विसरू नका, कारण त्याशिवाय रिपोर्टावरचा आकडा वाचता येत नाही.

वेळापत्रकाची एक व्यावहारिक गोष्ट. सुरुवात सकाळी आठला केली तर दोन्ही एक्स-रे रात्री आठला येतात आणि बरीच केंद्रे तोवर बंद होतात. रविवारी रात्री आठला पहिली कॅप्सूल, सोमवारी सकाळी आठला दुसरी, रात्री आठला तिसरी, असे केले की एक्स-रे मंगळवारी आणि बुधवारी सकाळी आठला पडतात.

या दिवसांत रेचक, चूर्ण, एनिमा काहीही चालत नाही. इसबगोलबद्दल केंद्राला विचारून घ्यावे. एवढे एक पथ्य मोडले की सगळी तपासणी वाया जाते, आणि ते हमखास मोडते, कारण घरातले कोणीतरी तिसऱ्या दिवशी रात्री सोनामुखीचे चूर्ण हातावर ठेवते. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आतडे धुतले असेल तर नंतर काही दिवस जाऊ द्यावेत. गरोदरपणात ही तपासणी करत नाहीत.

एक्स-रेमध्ये तुकडे कुठे अडले आहेत हेही पाहतात. सगळ्या आतड्यात पसरलेले असतील तर गती मंद असण्याची शक्यता अधिक. सगळे खालच्या टोकाला, मलाशयाजवळ गोळा झाले असतील तर दार अडल्याची शंका येते. पण ही केवळ शंका आहे. तेवढ्यावरून निदान करू नये. खर्च कॅप्सूल आणि दोन एक्स-रे मिळून साधारण २,००० ते ५,००० रुपये.

एक उदाहरण

समजा, सातारा जिल्ह्यातल्या ४२ वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. आठ-दहा वर्षांपासून आठवड्यातून दोनदाच शौचाला होते, तेही कुंथून. इसबगोल, पावडर आणि चूर्ण सगळे झाले. रक्त नाही, वजन स्थिर, घरात कर्करोग नाही. तरी दुर्बीण ८,००० रुपये, सीटी ६,५०० आणि दोन सोनोग्राफ्या ३,००० असे १७,५०० रुपये गेले. ट्रान्झिट स्टडीला आणखी ३,५००. तिच्यात ३६ तासांना ३८ तुकडे आणि ६० तासांना २२ उरले, बहुतेक मलाशयाजवळ. ‘आतड्याची गती मंद’ म्हणून रोजची गोळी सुरू झाली. थोडा फरक पडला, पण कुंथणे तसेच.

आता त्या पुण्यात मॅनोमेट्रीला येतात. फुग्याच्या चाचणीसह खर्च ८,००० रुपये. आरामातला दाब ७२ मिलीमीटर. जोर लावल्यावर मलाशयातला दाब चांगला ४८ ने वाढतो, पण गुदद्वारातला उतरण्याऐवजी ७२ वरून ९८ वर जातो. म्हणजे टाइप १. फुग्यात १८० मिलीलीटर हवा गेल्यावर कुठे त्यांना घाई वाटते. केंद्राच्या नॉर्मल मर्यादेपेक्षा हे बरेच जास्त. पाण्याचा फुगा तीन मिनिटांतही निघत नाही. दोन तपासण्या जुळल्या, निदान ठरले: ताकद भरपूर आहे, पण ती नेमकी बंद दारावर खर्च होते आणि मलाशयाची जाणीवही बोथट झाली आहे.

उपचार बायोफीडबॅक. तसलीच नळी किंवा सेन्सर लावून रुग्णाला स्वतःचा दाब पडद्यावर दाखवतात आणि पोटाने जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायला शिकवतात. मग पाण्याच्या फुग्याचा सराव, आणि कमीकमी हवा भरून जाणीव जागी करणे. चार ते सहा बैठका, प्रत्येकी १,००० ते २,५०० रुपये. या बाईंच्या सहा बैठका दीड हजारांच्या दराने ९,००० झाल्या. नीट शिकवल्यास असे दहापैकी सुमारे सात रुग्ण सुधारतात. ज्यांची केवळ गती मंद आहे त्यांना मात्र याचा फारसा फायदा होत नाही, म्हणूनच आधी तपासणी लागते. उपचारानंतरही त्रास राहिला, तर या बाईंची ट्रान्झिट स्टडी पुन्हा करायला अर्थ आहे. तेव्हाही तुकडे उरले तर गतीचा दोष खरा.

हिशेब पाहा. निदान आणि उपचार मिळून १७,००० रुपये लागले, आणि त्याआधीच्या ज्या तपासण्यांतून काहीही निघाले नाही, त्यांत १७,५००.

मॅनोमेट्री करायला जाण्याआधी जवळपास बायोफीडबॅक कोण शिकवते हे शोधून ठेवा. तशी सोय मोजक्याच शहरांत आहे. सातारा-सांगली-सोलापूरकडून येणाऱ्यांना सहा बैठकांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि रजा हा फीइतकाच खर्च असतो. काही केंद्रे बैठका जवळजवळ घेऊन आठवडाभरात संपवतात. ते आधी फोनवर ठरवता येते.

डेफिकोग्राफी कधी

मलाशयात जेल भरून एमआरआयखाली, किंवा बेरियमची दाट पेस्ट भरून एक्स-रेखाली, प्रत्यक्ष शौच होताना चित्र घेतात. मलाशयाची भिंत पुढे योनीकडे फुगते का, मलाशय स्वतःत दुमडते का, ओटीपोटाचा तळ खाली उतरतो का, हे त्यात दिसते. बाळंतपणांनंतर खाली काही उतरल्यासारखे वाटणाऱ्या, योनीच्या भिंतीवर बोटाने दाबल्याशिवाय शौच न होणाऱ्या बायकांसाठी, आणि आधीच्या दोन तपासण्या जुळत नसतील तेव्हा, ही तपासणी करावी. बेरियमची २,५०० ते ५,०००, एमआरआयची ६,००० ते १२,००० रुपये. बेरियमची तपासणी बसून होते, एमआरआय बहुतेक ठिकाणी झोपून, आणि झोपून मलाशयाचे दुमडणे निसटू शकते. महाग म्हणून ती प्रत्येक बाबतीत सरस नाही.

रिपोर्टात ‘छोटा रेक्टोसील’ वाचून शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. तक्रार नसलेल्या कितीतरी बायकांत तो असतो. त्यात जेल अडकून राहते का, आणि दाराचा दोष आधी सुधारला आहे का, हे विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विषयच नको. मंद गतीसाठी मोठे आतडे काढण्याच्या शस्त्रक्रियेलाही हेच लागू आहे. दाराचा दोष तपासून नाकारल्याशिवाय ती करायची नसते, कारण आतडे काढूनही कुंथणे उरते.

विमा आणि सरकारी रुग्णालय

या सगळ्या तपासण्या बाह्यरुग्ण विभागात होतात, त्यामुळे साध्या आरोग्यविम्यात पैसे बहुधा मिळत नाहीत. ‘एक दिवस भरती करून घ्या, विम्यातून निघेल’ असा सल्ला मिळेल; तो मानू नका. केवळ तपासणीसाठी झालेली भरती पॉलिसीत ‘इन्व्हेस्टिगेशन अ‍ॅण्ड इव्हॅल्युएशन’ या नावाने, संकेतांक Excl04 खाली, स्पष्ट वगळलेली असते आणि दावा फेटाळला जातो. ओपीडीचे वेगळे कवच घेतले असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, पावती आणि रिपोर्ट तिन्ही जपून ठेवा.

मुंबईतल्या केईएमसारख्या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथले दर खासगीच्या तुलनेत फार कमी आहेत. यंत्र चालू आहे का आणि तारीख किती दिवसांनी मिळेल, हे त्या विभागाच्या ओपीडीत विचारून मगच गावाहून निघावे. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि दोन आठवड्यांची शौचाची नोंद घ्या: कोणत्या दिवशी झाले, किती वेळ कुंथावे लागले, खडे होते की मऊ, आणि बोट लावावे लागले का.